डेटा लेबलिंग कामगार

डेटा लेबलिंग कामगार म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकवण्यासाठी छायाचित्रे, ध्वनी व मजकूर यांवर अर्थाची खूण करणारे कामगार. घातक मजकूर वाचून तो वेगळा काढणारे मजकूर-परीक्षकही याच वर्गात मोडतात. तयार उत्पादनावर त्यांचे नाव कोठेही नसते. मेरी ग्रे आणि सिद्धार्थ सुरी या संशोधकांनी २०१९ साली लिहिलेल्या ग्रंथात अशा श्रमाला ‘घोस्ट वर्क’ म्हटले आहे.

कामाचे स्वरूप

नागपूर-वर्धा रस्त्यावरील बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीबाहेरचे एखादे छायाचित्र उदाहरणादाखल घेता येईल. ट्रकच्या आड अर्धी दिसणारी बैलगाडी आणि शेजारी दोन माणसे बसलेली मोटारसायकल असे दृश्य आहे. कामगाराला प्रत्येक वस्तूभोवती चौकट आखून तिचे नाव निवडावे लागते. बैलगाडीची चौकट दिसणाऱ्या भागापुरती आखायची की अंदाजाने पूर्ण, बैल आणि गाडी एक धरायचे की दोन, याचे नियम कंपनी आधी देते. पण परदेशात तयार झालेल्या नामावलीत ‘बैलगाडी’ हा पर्यायच नसेल, तर कामगाराला जवळचे दुसरे नाव निवडावे लागते आणि चूक यंत्राच्या शिक्षणात कायम राहते.

एकच नग बहुधा अनेकांकडे जातो आणि बहुमताचे उत्तर बरोबर मानले जाते. मोबदला बऱ्याच ठिकाणी तासावर नसून नगावर असतो. समजा, एका छायाचित्राला एक रुपया मिळतो. मिनिटाला एक छायाचित्र झाले, तर तासाला साठ रुपये पडतात. वरच्यासारख्या गर्दीच्या छायाचित्राला तीन मिनिटे लागली, तर वीसच. नाकारलेल्या नगाचे पैसे अनेकदा मिळत नाहीत आणि नियम समजून घेण्यात गेलेला वेळ हिशेबात येत नाही.

मराठीतील प्रयोग

मराठीपुरते या कामाचे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे २०२० साली प्रसिद्ध झालेला ध्वनिसंकलनाचा अभ्यास. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील ‘कार्य’ या उपक्रमाशी तो निगडित होता. ग्रामीण भागातील अल्प उत्पन्न गट, शहरी अल्प उत्पन्न गट आणि विद्यापीठीय विद्यार्थी अशा तीन गटांतील ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण मिळवण्यात आले. अल्प उत्पन्न गटांच्या कामाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचा आढळला. असे काम सुशिक्षित शहरी मंडळींनाच जमते, हा समज त्यामुळे निराधार ठरला.

अशा कामात सहभागी व्यक्ती मोबाइलच्या पडद्यावरील वाक्य वाचून ध्वनिमुद्रित करते. नंतर ध्वनी आणि लिखित वाक्य जुळतात की नाही, हे दुसरी व्यक्ती तपासते. अडचण याच टप्प्यावर उद्भवू शकते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारण्याची प्रवृत्ती आहे. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. विदर्भातील वाचकाने सवयीने ‘डोया’ म्हटले आणि तपासनिसाला ती बोली परकी असेल, तर तो नग चुकीचा ठरवील. मग वाचणाऱ्याची मजुरी बुडते आणि तो उच्चारही संग्रहाबाहेर जातो. पुढे यंत्राला वऱ्हाडी बोलणे समजत नाही, तेव्हा दोष बोलणाऱ्याच्या उच्चाराला दिला जातो. कोणत्या जिल्ह्यातील नग अधिक नाकारले गेले याची मोजणी केल्यास हा दोष उघड होऊ शकतो. त्यासाठी बोलणाऱ्याचा प्रदेश नोंदवलेला असावा लागतो.

पुढे २०२१ मध्ये ‘कार्य’ ही स्वतंत्र ना-नफा संस्था झाली. २०२३ सालच्या वृत्तांनुसार ती तासाला किमान सुमारे पाच डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ४०० रुपये, देत असे. संकलित ध्वनी पुन्हा विकला गेल्यास त्यातील वाटा बोलणाऱ्यांना देण्याची तरतूदही होती. मात्र एका व्यक्तीच्या एकूण कमाईवर मर्यादा होती. त्यामुळे शेती वा घरकाम सांभाळून केलेली ही जोडकमाई ठरते, नोकरी नव्हे.

मजकूर-परीक्षण

मजकूर-परीक्षकाचे काम याहून जाचक आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने केनियातील कामगारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. चॅटजीपीटीला घातक मजकूर ओळखता यावा यासाठी ते हिंसा व लैंगिक अत्याचाराची वर्णने वाचून त्यांचे वर्गीकरण करीत. त्यांच्या हाती तासाला दोन डॉलरहून कमी पडत. नकोशी दृश्ये पुन्हा पुन्हा आठवण्याचा त्रासही काहींनी सांगितला. त्यापूर्वी, २०२० मध्ये, फेसबुकने अमेरिकेतील परीक्षकांच्या मानसिक आघाताच्या दाव्यात ५.२ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली होती.

कायदेशीर स्थिती

बुटीबोरीतील कारखान्यात काम करणाऱ्याचे नाव हजेरीपटावर असते आणि किमान वेतनाचा दावा करायला समोर मालक असतो. घरी बसून मोबाइलवर नग पूर्ण करणारा मात्र सामान्यतः स्वतंत्र कंत्राटदार गणला जातो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग’ व ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांच्या व्याख्या आल्या. मात्र त्या विमा, निवृत्तिवेतन यांसारख्या योजनांसाठी आहेत. नाकारलेल्या नगाविरुद्ध दाद कोठे मागायची, हे त्यांतून ठरत नाही.