सुरजागडचे ट्रक, बल्लारपूरची चिमणी आणि आपला ‘स्टॉक पिकिंग’चा किडा

गेल्या काही वर्षांत कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एक नवा प्राणी दिसायला लागला आहे. चहा थंड होतोय, लेक्चर बुडतंय, पण याची नजर मोबाईलच्या हिरव्या आकड्यांवर. विचारलं, ‘विकून टाक ना आता,’ तर उत्तर ठरलेलं, ‘काहून विकू बे? अजून वर जाते ना!’

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धक्क्यात निफ्टी ७,६०० च्या आसपास आला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो २६,२०० च्या वर गेला. देशातली डीमॅट खाती याच काळात चार कोटींवरून सतरा कोटींच्या पुढे गेली. म्हणजे आज ज्यांच्या हातात ट्रेडिंग अॅप आहे, त्यातल्या बहुतेकांनी पहिला शेअर घेतला तेव्हा बाजार चढत होता. पाऊस पडत असताना पेरलं तर काहीही उगवतं. प्रश्न एवढाच, उगवलं ते पावसामुळे की आपल्याला शेती येते म्हणून?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांसाठी या प्रश्नाला एक घरचं उदाहरण आहे, ते म्हणजे लॉयड्स मेटल्स. कंपनीचा स्पंज आयर्नचा कारखाना घुग्घुसला आणि लोहखनिजाची खाण एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर. २०२० मध्ये हा शेअर वीस रुपयांच्या खाली होता. २०२४ संपताना हजाराच्या वर. दहा हजार टाकलेल्याचे पाच लाखांहून जास्त झाले. आता आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर कुणीतरी सांगतो, ‘मले तं माहीतच होतं. आलापल्लीच्या रस्त्यानं ट्रक सुटले, तेव्हाच समजलं.’

हा दावा नीट तपासू. २०२१ मध्ये खाण पुन्हा सुरू झाली, ट्रक धावले, कुणीतरी ते पाहून शेअर घेतला आणि मालामाल झाला. तर्क काय होता? ट्रक चालले म्हणजे खनिज निघतंय, खनिज निघतंय म्हणजे कंपनी कमावणार. तर्क चांगला आहे. पण हाच तर्क पाच वर्षं आधीही करता आला असता. खाणपट्टा २००७ मध्येच मिळाला होता. २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनी कंपनीच्या एका उपाध्यक्षाची हत्या केली आणि काम अडलं. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झालं, ट्रक त्याच डोंगरावरून उतरू लागले. आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला सुरजागडच्या डोंगरावर नक्षलवाद्यांनी पाऊणशेच्या आसपास वाहनं पेटवून दिली.

समजा, दोन मित्र आहेत. एकाने २०१६ मध्ये ट्रक पाहून शेअर घेतला, दुसऱ्याने २०२१ मध्ये. दोघांनी पाहिलं तेच, विचार केला तोच. पहिल्याला चार वर्षांनंतरही वीस रुपयांखालचा भाव बघावा लागला. दुसरा गावात ‘गुरू’ झाला. (पहिल्याने पुढेही धरून ठेवला असता तर तोही कमावता, हे खरं. पण जळलेल्या ट्रकचे फोटो पेपरात पाहून किती जण धरून ठेवतात?) दोघांच्या कौशल्यात काडीचाही फरक नव्हता. फरक पाडणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या. खाण चालवायला थ्रिवेणी अर्थमूव्हर्ससारखी अनुभवी कंपनी आली, पोलिसांचा बंदोबस्त वाढला, २०२१ च्या मे महिन्यात जगभरात लोहखनिजाचा भाव विक्रमी उंचीवर गेला आणि पुढे २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन खनिज काढण्याची पर्यावरण मंजुरी मिळाली. यातलं काय काय त्या दुसऱ्या मित्राने शेअर घेताना लिहून ठेवलं होतं? ज्याने खरंच यातलं काही आधी वाचलं, समजून घेतलं, त्याला मी मानते. बाकीच्यांनी ट्रक पाहिला आणि नशिबाने साल बरोबर निघालं.

आता ‘आपल्या भागातली कंपनी आपल्याला माहीत असते’ या समजाची दुसरी बाजू. त्यासाठी बल्लारपूरला जाऊ. कागदाची मिल या शहराची ओळख. बांबूचे ट्रक, मिलची चिमणी, पिढ्यान्‌पिढ्या तिथे नोकरी केलेली घरं. बल्लारपूर इंडस्ट्रीज, म्हणजे ‘बिल्ट’. शेवटी-शेवटी हा शेअर रुपया-दोन रुपयांच्या घरात आला होता. जो रोज मिल चालू बघतो त्याला वाटणारच की एवढी मोठी मिल, रुपयात मिळतेय, बुडून बुडून किती बुडेल?

पूर्ण बुडाली. म्हणजे मिल नव्हे, शेअर. जानेवारी २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०२३ मध्ये नव्या मालकाची योजना मंजूर झाली आणि जुन्या शेअरधारकांच्या हातात शून्य राहिलं. बल्लारपूरची मिल मात्र चालूच राहिली, कारण ती बिल्टच्या थेट मालकीची नव्हती. ती बिल्ट ग्राफिक पेपर प्रॉडक्ट्स या वेगळ्या कंपनीकडे होती. डोळ्यांसमोर धूर निघत होता, पण तो धूर ज्या कागदावर मोजायचा तो कागद भलताच होता.

इथे एक नियम माहीत असणं म्हणजे कौशल्य. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात पैसे वाटण्याची रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची थकबाकी आणि तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँका, मग बाकीचे देणेकरी, आणि सगळ्यात शेवटी शेअरधारक. बँकांनाच पूर्ण पैसे मिळत नसतील तर रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्याला काय मिळणार? दिवाण हाउसिंग फायनान्सच्या शेअरधारकांनी २०२१ मध्ये हेच पाहिलं. शेअरचा भाव रुपया आहे म्हणजे तो ‘स्वस्त’ आहे असं नाही. रुपयावरून शून्यावर जाणं आणि हजारावरून शून्यावर जाणं, दोन्हीत नुकसान शंभर टक्केच.

गंमत बघा, लॉयड्सवाला आणि बिल्टवाला, दोघांकडे ‘स्थानिक माहिती’ सारखीच होती. पण नाक्यावर गोष्ट फक्त लॉयड्सवाला सांगतो. बिल्टवाला गप्प चहा पितो. म्हणून आपल्या कानावर यशाच्याच गोष्टी पडतात आणि आपल्याला वाटतं, हे जमणारं काम आहे.

आता थोडं गणित, फार नाही. घुग्घुसचा एक काल्पनिक पोरगा घेऊ. त्याने जानेवारी २०२३ मध्ये ४०,००० रुपये पाच छोट्या कंपन्यांत लावले. वर्षअखेर ५६,००० झाले. चाळीस टक्के! बँकेची एफडी कुठे आणि हा कुठे. वडिलांनाही कौतुक. पण त्याच वर्षी निफ्टी स्मॉलकॅप १०० हा छोट्या कंपन्यांचा निर्देशांक ५५ टक्क्यांच्या आसपास वाढला. डोळे मिटून तीच टोपली घेतली असती तर खर्च सोडून जवळपास ६२,००० झाले असते. म्हणजे त्याच्या ‘निवडी’ने सहा हजार कमी मिळवून दिले. नफा झाला तो बाजाराने दिला, निवडीची किंमत उणे आली. तुलना एफडीशी केली की आपण हुशार ठरतो, त्याच जातीच्या शेअर्सच्या निर्देशांकाशी केली की खरं काय ते कळतं. आणि ‘माझे पाचपैकी चार बरोबर आले’ हेही फसवं. पाचही छोट्या कंपन्या एकाच तेजीत घेतल्या असतील तर तो एकच निर्णय पाच नावांनी घेतलेला असतो.

खरा घोळ यापुढे होतो. कौशल्य आहे असं एकदा वाटलं की माणूस रक्कम वाढवतो. समजा, या पोराने सप्टेंबर २०२४ मध्ये धानाचे आलेले आणि मामाकडून घेतलेले मिळून दीड लाख आणखी टाकले. (हिशेब सोपा राहावा म्हणून मधल्या महिन्यांची वाढ बाजूला ठेवू.) आता एकूण २,०६,००० झाले. ऑक्टोबरपासून निफ्टी सलग पाच महिने घसरला. छोट्या कंपन्यांचा निर्देशांक तर फेब्रुवारी-मार्च २०२५ पर्यंत वरच्या पातळीपासून सुमारे चौथाईने खाली आला. तेवढंच नुकसान धरलं तरी ५१,५०० रुपये गेले. कमावले होते १६,०००. टक्केवारीत बघा, आधी चाळीस टक्के वर, मग पंचवीस टक्के खाली. पहिल्या दिवसापासून ठेवलेला एक रुपया अजूनही पाच पैशांनी वरच आहे. तरी पोरगा ३५,५०० रुपयांनी खड्ड्यात, कारण चढताना पैसे थोडे होते आणि उतरताना जास्त. तेजीतला फाजील आत्मविश्वास नेमकं हेच करतो. चूक शेअर निवडण्यापेक्षा रक्कम वाढवण्यात जास्त असते.

आपल्या वयाच्या लोकांचं काय होतं, हे सेबीने मोजलंय. एकाच दिवसात शेअर घेऊन विकणाऱ्या, म्हणजे इंट्राडे करणाऱ्या व्यक्तींपैकी २०२२-२३ मध्ये दहातले सात तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के. आणि तोट्यातले लोक नफ्यातल्यांपेक्षा जास्त सौदे करत होते.

मग नशीब आणि कौशल्य वेगळं ओळखायचं कसं? एक-दोन वर्षांच्या नफ्यावरून ते ओळखता येत नाही, हे आधी मान्य करावं लागतं. हजार जणांनी दहा-दहा वेळा नाणं उडवलं तर एखाद्याला दहाही वेळा छापा पडेल, आणि तो क्लास काढेल! उपयोगी पडते ती साधी वही. शेअर घेण्याआधी तारीख टाकून तीन-चार ओळी लिहायच्या. का घेतोय, काय घडलं तर मी चुकलो असं मानेन, आणि कधीपर्यंत वाट बघणार. विकल्यावर ती ओळ परत वाचायची. ‘सुरजागडचं उत्पादन वाढेल’ असं लिहिलं होतं आणि भाव त्यामुळेच वाढला, तर ठीक. कारण भलतंच निघालं आणि नफा मात्र झाला, तर तो खेळ नशिबाचा. कारण बरोबर असूनही तोटा झाला, तर एकट्या त्या तोट्यासाठी पद्धत बदलायची गरज नाही. वही नसेल तर डोकं सोयीची गोष्ट रचतं. ‘मले तं माहीतच होतं’ हे वाक्य नंतरच सुचतं.

आणखी एक गोष्ट, जी अॅप स्वतःहून दाखवत नाही. ‘होल्डिंग्ज’च्या पानावर आज तुमच्याकडे आहेत तेवढेच शेअर दिसतात. तोट्यात विकलेले त्या पानावरून गायब होतात, त्यामुळे ते पान नेहमीच जरा जास्त हिरवं असतं. विकलेल्यांचा हिशेब रिपोर्ट्समध्ये असतो, बहुतेक अॅपमध्ये `Tax P&L` या नावाने. तो पहिल्या दिवसापासूनचा डाउनलोड करा, ब्रोकरेज आणि बाकीचे चार्जेस धरा, आणि शेजारी त्याच तारखांना तेवढेच पैसे निर्देशांकात टाकले असते तर किती झाले असते तो आकडा लिहा. एका रविवारच्या दुपारचं काम आहे. आमच्या मेसमध्ये चौघांनी करून बघितलं. त्यातल्या तिघांनी दुसरा आकडा कुणालाच दाखवला नाही.