‘अवलंब करा’ नको, ‘ठिबक बसवा’ म्हणा! गावाकडच्या जाहिरातीची भाषा कशी असावी?

वरकुटे (ता. इंदापूर) : मोबाईलवर येणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत दुकानदार बोलत असतो, पण भाषा सरकारी परिपत्रकाची असते. ‘लाभ घ्यावा’, ‘संपर्क साधावा’, ‘अवलंब करावा’ हे शब्द कानावर पडतात आणि पुढं निघून जातात. बघणाऱ्याला एवढंच कळतं की काहीतरी अनुदान आहे. ते कुणाला, किती आणि त्यासाठी आधी काय करायचं, हे मात्र डोक्यात राहत नाही. ठिबकच्या जाहिरातीत तर याची किंमत शेतकऱ्याला पैशात मोजावी लागते.

ही भाषा येते दोन वाटांनी. कंपनीची मूळ जाहिरात बहुतेक वेळा इंग्रजी किंवा हिंदीत लिहिलेली असते आणि तिचं शब्दाला शब्द भाषांतर होऊन ती तालुक्यात पोचते. दुसरी वाट कार्यालयाची. योजनेचं माहितीपत्रक समोर ठेवून त्यातलीच वाक्यं कॅमेऱ्यासमोर वाचली जातात. माहितीपत्रक डोळ्यांनी वाचायचं असतं. नाही कळलं तर माणूस ओळ पुन्हा वाचतो. व्हिडिओ एकदाच कानावरून जातो.

एक नमुना घेऊ

इंदापूर-बारामती पट्ट्यात ठिबकच्या दुकानाची जाहिरात साधारण अशी लिहून येते :

“शेतकरी बांधवांनो! अत्याधुनिक सूक्ष्म सिंचन प्रणालीचा अवलंब करून आपल्या उत्पादनक्षमतेत लक्षणीय वृद्धी करा. शासनाच्या ऐंशी टक्के अनुदान योजनेचा लाभ घेण्यासाठी आवश्यक कागदपत्रांसह आमच्या अधिकृत विक्रेत्याशी त्वरित संपर्क साधा. नियम व अटी लागू.”

व्याकरणात चूक नाही. पण ‘सूक्ष्म सिंचन प्रणाली’ असं बांधावर कुणी म्हणत नाही, तिथं ‘ठिबक’ किंवा ‘ड्रिप’ म्हणतात. ‘उत्पादनक्षमतेत वृद्धी’ म्हणजे नेमकं काय, ते डोळ्यांपुढं येत नाही. ‘बांधवांनो’ म्हटलं की सातबाऱ्यावर जिचं नाव आहे ती बाई आपोआप बाजूला पडते. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ‘नियम व अटी लागू’ या चार शब्दांत गडप झाली आहे.

ती गोष्ट म्हणजे पूर्वसंमती. ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा, निवड झाली की कागदपत्रं चढवायची, पूर्वसंमती मिळाल्यावर सामान घ्यायचं, मग बिल जोडायचं. शेतावर तपासणी झाल्यानंतर पैसे खात्यावर येतात. ‘त्वरित संपर्क साधा’ एवढंच ऐकून कुणी आधी सामान उचललं, तर अनुदान हातचं जाऊ शकतं.

‘ऐंशी टक्के’ हेही अर्धवट आहे. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर पडून ते 80 आणि 75 टक्के होतात. शिवाय ही टक्केवारी सरकारनं ठरवलेल्या खर्चावर असते, दुकानाच्या बिलावर नाही. ऐकणारा मात्र लाखाच्या बिलात ऐंशी हजार सूट मिळणार असं धरून बसतो आणि वाद दुकानात होतो.

आता तेच बोलून बघू

“रात्री बारा वाजता लाईट येते आणि बॅटरी घेऊन दारं धरायला जावं लागतं. ठिबक बसवलं, तर कॉक फिरवायचा, पाणी थेट बुडख्याशी. ठिबकला सरकारचं अनुदान आहे. पाच एकरांपर्यंत जमीन असेल तर सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या ऐंशी टक्के, त्याहून जास्त असेल तर पंच्याहत्तर. पण आधी ऑनलाइन अर्ज करा. पूर्वसंमती मिळाली की मगच सामान घ्या. आधी घेतलं तर अनुदान बुडेल. पैसे नंतर बँकेच्या खात्यावर येतात. सातबारा, आधार, फार्मर आयडी घेऊन दुकानात या.”

पहिला मजकूर 32 शब्दांचा होता, हा 67 शब्दांचा आहे. म्हणजे सोपं केलं की मजकूर छोटा होतोच असं नाही. जड शब्द जागा कमी घेतात, कारण ते बरंच काही झाकून ठेवतात. निवांत बोललं तर सेकंदाला दोन शब्द धरावेत. त्या हिशेबानं याला अर्धा मिनिट पुरत नाही. अशा वेळी भरभर वाचू नये, एक मुद्दा काढावा. इथं पहिली दोन वाक्यं चित्रातून दाखवता येतात. पूर्वसंमतीचं वाक्य मात्र काढायचं नाही.

यात ‘पूर्वसंमती’ हा जड शब्द मुद्दाम ठेवला आहे. अर्ज केल्यावर मोबाईलवर आणि पोर्टलवर शेतकऱ्याला हाच शब्द दिसणार आहे. आपण त्याऐवजी ‘परवानगी’ म्हटलं, तर आलेला मेसेज त्याचाच आहे हे त्याला ओळखू येणार नाही. जो शब्द कागदावर भेटणार तो तसाच ठेवायचा आणि लगेच पुढच्या वाक्यात उलगडून सांगायचा. बाकी ‘हेक्टर’चं एकर करावं. दोन हेक्टर म्हणजे जवळपास पाच एकर. ‘वीजपुरवठा’ म्हणजे लाईट आणि ‘मुळांच्या सान्निध्यात’ म्हणजे बुडख्याशी.

सोपं म्हणजे गावंढळ नव्हे

इथं एक चूक हमखास होते. भाषा सोपी करायची म्हणून शहरातला कलाकार धोतर-फेटा घालून प्रत्येक वाक्यात ‘काय रं’, ‘व्हय जी’ घालतो. बघणाऱ्याला ती स्वतःची टिंगल वाटते. ‘केले’ऐवजी ‘केलं’, ‘आपण करावे’ऐवजी ‘तुम्ही करा’ एवढ्यानं बोली येते. अनोळखी माणसाला ‘तुम्ही’च म्हणावं. दादा, ताई एखाद्या वेळी चालतं, दर वाक्याला नाही. जमलं तर पंचक्रोशीतल्याच माणसाचा आवाज घ्यावा. त्याला हेल काढून बोलावं लागत नाही.

अटी बारीक अक्षरात पळवणंही टाळावं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रानं 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासाही द्यावा लागतो. मराठीत ‘ऐंशी टक्के’ म्हणून खाली इंग्रजीत अट टाकून भागत नाही.

पारख कशी करायची?

मजकूर तयार झाला की तो कागदावर न दाखवता मोठ्यानं वाचावा. वाचताना जिथं मध्येच श्वास घ्यावा लागतो, तिथं वाक्य तोडावं. मग ज्याला योजनेची माहिती नाही अशा दोघा-तिघांना तो एकदाच ऐकवावा. ‘कळलं का?’ असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. ‘ठिबक घ्यायचं असेल तर उद्या सकाळी पहिलं काय कराल?’ असं विचारावं. उत्तर ‘अर्ज’ आलं तर मजकूर जमला. ‘दुकानात जाऊन सामान बघू’ असं आलं तर पूर्वसंमतीचं वाक्य आणखी पुढं आणावं.

शेवटची खातरजमा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी. टक्केवारी, निवडीची पद्धत आणि लागणारी कागदपत्रं बदलत असतात. साध्या भाषेत सांगितलेली जुनी माहिती तर जास्तच लक्षात राहते, म्हणून चित्रीकरणाच्या आधी चालू नियम विचारून घेतलेला बरा.