लेडी गागाचं एक ट्वीट आणि तीन कोटी याद्या

२०१२ च्या सुमारास ट्विटरवर एक चमत्कारिक प्रकार दिसायचा. लेडी गागाने काहीतरी लिहिलं, तर त्यावर कुणा चाहत्याने दिलेलं उत्तर आधी यायचं आणि ज्याला ते उत्तर होतं ते ट्वीट मागाहून उगवायचं. वाचणाऱ्याला वाटायचं, आपलंच नेट गंडलंय. नेट बिचारं निर्दोष होतं. गोंधळाचं मूळ होतं एका साध्या प्रश्नात: अ‍ॅप उघडल्यावर समोर येणारी पोस्टची यादी, म्हणजे टाइमलाइन, नेमकी तयार कधी करायची?

सरळ उत्तर असं, की माणसाने अ‍ॅप उघडल्यावर. तो कुणाकुणाला फॉलो करतो ते बघायचं, त्या प्रत्येकाच्या ताज्या पोस्ट काढायच्या, वेळेप्रमाणे लावायच्या आणि दाखवायच्या. यात लिहिणं अगदी स्वस्त पडतं. पोस्ट एकदाच एका जागी साठवली की झालं. सगळं काम वाचणाऱ्याच्या वेळी होतं, म्हणून इंजिनिअर मंडळी याला ‘फॅन-आउट ऑन रीड’ म्हणतात. ट्विटरची सुरुवात याच पद्धतीने झाली.

पण लिहिणारे थोडे आणि वाचणारे फार. २०१२ च्या अखेरीस ट्विटरवर सेकंदाला सरासरी ४,६०० ट्वीट पडत होती, गर्दीच्या वेळी १२,००० हून जास्त. टाइमलाइन मागणाऱ्यांचा आकडा मात्र सेकंदाला तीन लाखांवर होता. म्हणजे एक जण लिहितो तेव्हा पासष्ट जण यादी मागत असतात. त्यांतला प्रत्येक जण दोनशे खाती फॉलो करतो असं धरलं, तर दर सेकंदाला सहा कोटी ठिकाणी डोकवावं लागेल, आणि तेही माणूस स्क्रीनकडे बघत असताना.

म्हणून ट्विटरने काम उलटं फिरवलं. कुणी ट्वीट केलं की लगेच त्याच्या प्रत्येक फॉलोअरच्या यादीत त्याची नोंद टाकायची. पेपरवाल्याने पहाटेच दारोदार अंक टाकावेत तसं. हा ‘फॅन-आउट ऑन राइट’. या याद्या ठेवल्या होत्या रेडिस नावाच्या प्रणालीत. ती माहिती डिस्कऐवजी मेमरीत ठेवते, त्यामुळे यादी क्षणात हाती येते.

यादीत ट्वीटचा मजकूर नसतो, ही यातली गंमत. ट्वीटचा क्रमांक ८ बाइट, लिहिणाऱ्याचा क्रमांक ८ बाइट आणि वर ४ बाइटच्या खुणा, अशी वीस बाइटची एक नोंद. प्रत्येकाच्या यादीत जास्तीत जास्त ८०० नोंदी, म्हणजे जेमतेम सोळा हजार बाइट. मजकूर दाखवतानाच जोडला जाई. त्यामुळे कुणी ट्वीट पुसलं, तर हजारो याद्यांतून ते हुडकून काढण्याची गरज उरत नसे. दाखवायच्या वेळी ते सापडत नाही, म्हणून गळून पडतं. मशीन बंद पडलं तर पंचाईत नको म्हणून प्रत्येक यादीच्या तीन प्रती असत. महिनाभर जो फिरकलाच नाही, त्याची यादी मेमरीत ठेवत नसत. तो परतला की जुन्या पद्धतीने ती नव्याने बांधायची.

हिशेबही जमत होता. एका खात्याला सरासरी ७५ फॉलोअर, म्हणजे ४,६०० ट्वीटमागे सेकंदाला ३,४५,००० नोंदी. मेमरीत हे काम झेपण्यासारखं आहे, आणि वाचणाऱ्याला यादी तयार मिळते.

घात केला तो सरासरीने. लेडी गागाचे तेव्हा तीन कोटी दहा लाख फॉलोअर होते. तिने एक ओळ लिहिली की तीन कोटी दहा लाख नोंदी, म्हणजे त्या काळच्या अख्ख्या ट्विटरचं दीड मिनिटाचं सरासरी काम एका झटक्यात येऊन पडे. यात तीन प्रती धरलेल्याच नाहीत. कोणतंही ट्वीट पाच सेकंदांत सगळीकडे पोहोचावं असं ट्विटरचं उद्दिष्ट होतं. अशा खात्यांच्या बाबतीत कधीकधी पाच मिनिटं लागत. ज्या चाहत्याच्या यादीत नोंद पहिल्या काही सेकंदांत पडली, तो लगेच उत्तर लिहून मोकळा. त्याचे फॉलोअर दोनशे, त्यामुळे उत्तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोहोचायचं. त्या दोनशेंतल्या ज्याच्याकडे गागाचं मूळ ट्वीट अजून वाटेतच आहे, त्याला उत्तर आधी आणि प्रश्न नंतर!

यावर ट्विटरच्या इंजिनिअरांनी मधला मार्ग काढला. सामान्य खात्यांची ट्वीट पूर्वीसारखीच याद्यांत टाकायची. मोजक्या बड्या खात्यांची मात्र कुठेच वाटायची नाहीत. वाचणाऱ्याने अ‍ॅप उघडलं की त्याची तयार यादी घ्यायची, तो कोणत्या बड्या मंडळींना फॉलो करतो ते बघायचं, त्यांच्या ताज्या ट्वीटची भर घालायची आणि वेळेप्रमाणे लावून द्यायचं. अशी खाती एकेकाच्या यादीत सहसा थोडीच असतात, त्यामुळे वाचताना वाढणारं काम फारसं जाणवत नाही.

अर्थात दुखणं पुरतं जात नाही, जागा बदलतं. आता गागाच्या ताज्या ट्वीटची यादी एकाच ठिकाणी आहे, आणि तिने काही लिहिलं की लाखो लोक तेच एक मशीन ठोठावतात. बाकीची मशीन्स निवांत आणि एकाचाच जीव मेटाकुटीला, असं दृश्य देखरेखीच्या पडद्यावर दिसलं की रोग ओळखावा. उपाय म्हणजे त्या यादीच्या प्रती अनेक मशीनवर ठेवायच्या. सगळ्यांना तीच यादी हवी असल्याने हे फार अवघड नसतं.

बडं खातं कोणतं, हा प्रश्न जास्त चिवट आहे. फॉलोअरच्या आकड्यावर रेघ मारणं सोयीचं, पण ते अर्धंच उत्तर ठरतं. याहू रिसर्चच्या मंडळींनी २०१० मध्ये एका शोधनिबंधात दाखवलं, की खर्च कमी करायचा तर निर्णय खात्यागणिक न घेता जोडीगणिक घ्यायला हवा: लिहिणारा किती वेळा लिहितो आणि हा विशिष्ट वाचणारा किती वेळा बघतो. दिवसातून दहादा डोकावणाऱ्यासाठी, आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्याची नोंद आधीच टाकून ठेवणं फायद्याचं. तासाला चार पोस्ट टाकणारं बातम्यांचं खातं आणि रविवारीच अ‍ॅप उघडणारा वाचक असेल, तर वाटलेल्या बहुतेक नोंदी फुकट जातात. या हिशेबात फॉलोअरचा आकडा येतच नाही. तो येतो वेळेच्या हिशेबात: एकूण खर्च परवडत असला तरी तीन कोटी नोंदी पाच सेकंदांत बसत नाहीत. गागाच्या खात्याची अडचण ही दुसऱ्या जातीची होती.

पुढे यादी निव्वळ वेळेप्रमाणे लावायची रीतच मागे पडली. २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या शिफारस प्रणालीचा कोड खुला केला. त्यात दिसलं, की माणूस यादी मागे तेव्हा सुमारे दीड हजार ट्वीट गोळा होत. त्यांतली साधारण निम्मी त्याने फॉलो केलेल्यांची आणि निम्मी अनोळखी लोकांची. मग त्यांना गुण देऊन क्रम लागे. अनोळखी माणसाचं ट्वीट तुमच्या यादीत आधी टाकायला कुणी येणार नाही, ते ऐनवेळीच शोधावं लागतं. फॉलो केलेल्यांची ट्वीटही तेव्हा थेट शोध-सूचीतून ऐनवेळी निघत. त्यामुळे प्रत्येकाच्या यादीत नोंदी टाकणारी ‘फॅन-आउट सर्व्हिस’ बारा वर्षांच्या नोकरीनंतर आता लागत नाही, असं कंपनीने त्याच वेळी जाहीर केलं.