क्रियापदाचे नाम झाल्यावर

क्रियापदाने सांगायची गोष्ट नामाने सांगणे, याला भाषाविज्ञानात नामीकरण म्हणतात. 'पाण्याची वाफ होऊन ते उडून जाते' हे वाक्य झाले. 'बाष्पीभवन' हे त्याच घटनेचे नाम. शोधनिबंध आणि अहवालांची भाषा अशा नामांनी भरलेली असते, आणि ते उगाच नाही.

घटनेला नाव मिळाले की तिच्याविषयी पुढे बोलता येते. 'तलावातले पाणी वाफ होऊन उडून जाते. हे बाष्पीभवन वारा सुटला की वाढते, हवा दमट असली की मंदावते.' इथे अख्खे पहिले वाक्य दुसऱ्याच्या सुरुवातीला एका शब्दात येऊन बसले आणि विवेचन पुढे सरकले. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथातही विवेचन असेच पुढे जाते, हे भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी दाखवून दिले. शास्त्रीय लेखनाला ही सोय हवीच.

अडचण होते ती नामावर नाम चढते तेव्हा. समजा, एखाद्या अहवालात असे वाक्य आहे: 'बंधाऱ्यांच्या दुरुस्तीच्या कामाच्या अंमलबजावणीतील विलंबामुळे भूजल पुनर्भरणाच्या प्रमाणात घट झाल्याचे निदर्शनास आले.' मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे 'च्या'ची ही साखळी वाचकाला तिथपर्यंत डोक्यात धरून ठेवावी लागते. आणि इतके करून हाती लागते ते 'आले' हे जवळजवळ रिकामे क्रियापद. खरी कामे, म्हणजे दुरुस्त करणे, उशीर होणे, पाणी मुरणे, नामांत दडलेली आहेत. ती बाहेर काढली की वाक्य असे होते: 'बंधारे वेळेवर दुरुस्त झाले नाहीत, म्हणून जमिनीत पाणी कमी मुरले.' मात्र दुरुस्ती कोणी करायची होती, हे अजूनही कळत नाही. मूळ वाक्यात ही उणीव लक्षातही येत नव्हती. क्रियापद उघडे पडताच हा प्रश्न समोर येतो.

याहून मोठा धोका अर्थ दुभंगण्याचा. 'शिक्षकांचे मूल्यमापन' म्हणजे शिक्षकांनी केलेले की शिक्षकांचे झालेले? षष्ठीचा प्रत्यय कर्त्यालाही लागतो आणि कर्मालाही, म्हणून दोन्ही अर्थ निघतात.

यावरचा उपाय मराठीच्या व्याकरणातच आहे. '-णे' लावून केलेले नाम आपला कर्ता आणि कर्म सोडत नाही. 'शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पारखणे' यात कोणी कोणाला पारखले याबद्दल शंका उरत नाही. 'मूल्यमापन' वापरायचेच असेल, तर 'शिक्षकांनी केलेले' हे दोन शब्द जोडले तरी पुरते.

लिहून झाल्यावर प्रत्येक लांब वाक्यातली '-करण', '-वणी', '-पन' अशी नामे अधोरेखित करावीत. आधी सांगितलेली घटना पुढच्या वाक्यात नेणारे नाम ठेवावे, बाकीच्यांची पुन्हा क्रियापदे करावीत.