जाहिरात तीन ठिकाणी, विक्री एकाच ठिकाणी

हातमागावरची पैठणी विकणाऱ्या छोट्या दुकानात बहुतेक साड्या एकेकच असतात. त्यामुळे प्रत्येक साडीचा फोटो, रंग, किंमत आणि कोड वेगळा. तीच माहिती वेबसाइटवर भरायची, मग फेसबुक पेजवर, इन्स्टाग्रामवर आणि टेलिग्राम चॅनेलवर पुन्हा टाकायची. यात वेळ जातोच, शिवाय एका ठिकाणी १८,५०० आणि दुसऱ्या ठिकाणी १५,८०० असा घोळही होतो. हे काम कोड न लिहिता मार्गी लावणाऱ्या ज्या सेवा आहेत, त्यांत २०११ साली अमेरिकेत सुरू झालेली झॅपियर ही सर्वांत परिचित.

तिची रचना सोपी आहे. ‘एका ठिकाणी अमुक घडले, की दुसऱ्या ठिकाणी तमुक कर’ अशी साखळी आपण माउसने निवडून तयार करतो. तिला झॅप म्हणतात. सुरुवात करून देणारी घटना म्हणजे ट्रिगर आणि पुढची कामे म्हणजे अॅक्शन.

आपल्या पैठणीचे उदाहरण घेऊ. साडी आधी वेबसाइटवर हाताने चढवायची आणि तिथे साठा १ असा नोंदवायचा. मग गूगल शीटमध्ये एक ओळ भरायची: कोड, रंग, किंमत, फोटोचा दुवा, वेबसाइटवरचा दुवा आणि शेवटच्या रकान्यात ‘तयार’ हा शब्द. झॅप ती ओळ वाचतो, रकान्यांतून मजकूर जुळवतो आणि तिन्ही ठिकाणी टाकतो.

शेवटचा रकाना का हवा? शीटमध्ये ‘नवी ओळ आली’ हाच ट्रिगर ठेवला, तर कोड टाइप करून तुम्ही किंमत शोधायला वळता, तेवढ्यात अर्धवट ओळ बाहेर जाऊ शकते. म्हणून ट्रिगर `New or Updated Spreadsheet Row` हा निवडावा, लक्ष फक्त शेवटच्या रकान्याकडे ठेवायला सांगावे आणि पुढे `Filter` लावावा: तिथे ‘तयार’ असेल तरच पुढे जा. ओळ पूर्ण तपासून झाली, की हा शब्द लिहायचा.

फोटोवर गाडी हमखास अडते. गूगल ड्राइव्हवरून ‘शेअर’ केलेला दुवा फोटोचा नसतो, फोटो दाखवणाऱ्या पानाचा असतो. इन्स्टाग्रामला थेट चित्राच्या फाइलचा, कोणालाही उघडता येणारा दुवा लागतो. वेबसाइटवर चढवलेल्या फोटोचा दुवा इथे कामी येतो. लॉग-इन नसलेल्या ब्राउझरमध्ये तो उघडून पाहा. नुसते चित्रच दिसले, तर दुवा बरोबर आहे. मोबाइलवर काढलेला ९:१६ असा उंच फोटोही नाकारला जातो, म्हणून तो ४:५ मध्ये कापून घ्यावा. शिवाय खाते ‘प्रोफेशनल’ प्रकारचे हवे. इन्स्टाग्रामच्या मजकुरातला दुवा दाबून उघडत नाही, त्यामुळे तिथे साडीचा कोड ठळकपणे द्यावा.

समजा, फेसबुकवर पोस्ट गेली आणि इन्स्टाग्रामवर अडली. अशा वेळी घाईने तीच ओळ खाली पुन्हा भरली, तर फेसबुकवर साडी दोनदा दिसेल. त्याऐवजी `Zap History` उघडावी. कोणती पायरी का अडली ते तिथे दिसते आणि अडलेल्या पायरीपासून काम पुन्हा चालवता येते.

खर्चाचा हिशेब ‘टास्क’वर चालतो. यशस्वी झालेली प्रत्येक अॅक्शन म्हणजे एक टास्क. ट्रिगर आणि फिल्टर मोजले जात नाहीत. महिन्याला वीस साड्या तीन ठिकाणी टाकल्या, तर साठ टास्क होतात. मोफत योजनेत महिन्याला शंभर टास्क मिळतात खरे, पण एका झॅपमध्ये एकच अॅक्शन ठेवता येते. तिन्ही ठिकाणे एका साखळीत हवी असतील, तर सशुल्क योजना घ्यावी लागते.

खरी मर्यादा मात्र पोस्ट गेल्यानंतर कळते. ही साखळी माल जाहीर करते, साठा सांभाळत नाही. साडी दुपारी विकली गेली, तरी संध्याकाळपर्यंत तिन्ही पोस्ट तशाच असतात. दोन जणींनी दोन ठिकाणच्या मेसेजमधून पैसे पाठवले, तर एकीला परत करावे लागतात. वेबसाइटवर ऑर्डर आली, की शीटमध्ये ‘विकली’ लिहिणारा आणि टेलिग्रामवर तसे कळवणारा दुसरा झॅप बनवता येतो. ‘विकली’ या शब्दाने पहिला झॅप जागा होतो, पण फिल्टर त्याला तिथेच थांबवतो. एवढे करूनही जुन्या पोस्ट आपोआप निघत नाहीत.

म्हणून मेसेजमध्ये पैसे घेऊ नका. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेबसाइटवरच पाठवा. साठा एक असल्यामुळे पहिली ऑर्डर होताच ती साडी तिथे ‘संपली’ दिसेल. आणि ज्या बाजारपेठांत खरेदी त्यांच्याच आवारात होते, तिथे एकुलता एक नग अशा साखळीने मुळीच चढवू नका. त्यासाठी साठा जुळवणारे वेगळे सॉफ्टवेअर लागते.