कोल्हा कुठेच लिहिलेला नाही

(हा आपल्या ताज्या भागाचा लेखी मसुदा. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, सगळे नाही. जमलं तर चित्रपुस्तक हाताशी घेऊन वाचा.)

गेल्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की मुलांच्या पुस्तकातलं चित्र नेमकं काय काम करतं? गोष्ट तर शब्दांत असते, मग चित्र म्हणजे सजावटच ना? आज त्याच्यावरच बोलू. पण सुरुवात माझ्या एका फजितीने करते.

माझी भाची चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मी तिच्यासाठी एक इंग्रजी चित्रपुस्तक आणलं होतं, ‘रोझीज वॉक’. पॅट हचिन्स या ब्रिटिश लेखिका-चित्रकर्तीचं हे पहिलं पुस्तक, १९६८ सालचं. पुस्तकभर मिळून शब्द फक्त ३२, आणि तेही सगळे एकाच वाक्यात. रोझी नावाची कोंबडी शेतावर फिरायला निघते, ठिकठिकाणांहून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी परत येते. बस्स. लिहिलेलं एवढंच.

वाचता वाचता मी मराठी करत होते. पहिल्याच पानावर खुराड्याखाली एक कोल्हा दबा धरून बसलेला दिसतो. मला वाटलं, वाक्य फारच कोरडं आहे, पोरीला मजा येणार नाही. म्हणून मी पदरची भर घातली: ‘आणि बघ हं, तिच्या मागे एक लबाड कोल्हा लागला!’ भाचीने पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘मावशी, तू नको ना सांगूस. मला दिसतोय तो.’

तेव्हा मी हसले. पण मी स्वतः मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी त्या रात्री पुस्तक पुन्हा उघडून एकेक पान नीट पाहिलं.

पान उलटायच्या आधी आणि नंतर

या पुस्तकात कोल्ह्याबद्दल एकही शब्द नाही. तो फक्त चित्रात आहे. आणि चित्रांची मांडणी बघा कशी आहे. समोरासमोरच्या दोन पानांना मिळून आपण जोडपान म्हणतो. एका जोडपानावर शब्द असतात: रोझी अंगणातून चालली आहे. त्याच चित्रात तिच्या मागे कोल्ह्याने उडी घेतलेली आहे आणि पुढे जमिनीवर दाताळं पडलेलं आहे, गवत ओढायचं ते. आता पान उलटा. पुढच्या जोडपानावर एकही शब्द नाही. दाताळ्यावर पाय पडून त्याचा दांडा कोल्ह्याच्या तोंडावर बसलाय.

मग पुन्हा शब्दांचं जोडपान. रोझी तळ्याला वळसा घालते, कोल्हा झेपावतो. पान उलटलं की कोल्हा पाण्यात. पुढे गवताची गंजी येते, आणि तो गंजीत गाडला जातो. मग पिठाची गिरणी. इथे तर गंमत अशी, की रोझीच्याच पायात एक दोरी अडकलेली असते. तिला पत्ताही नाही, पण त्या दोरीमुळे पिठाचं पोतं कोल्ह्यावर रिकामं होतं. मग कुंपण. तिथे कोल्हा एका गाड्यात पडतो, आणि गाडा घरंगळत जाऊन मधमाश्यांच्या पेट्यांवर आदळतो. शेवटी माश्या मागे लागलेला कोल्हा पळून जातो आणि रोझी आरामात खुराड्यात शिरते.

म्हणजे शब्द असलेल्या पानावर प्रश्न उभा राहतो आणि शब्द नसलेल्या पानावर त्याचं उत्तर मिळतं. मधे काय आहे? पान उलटणं. चित्रपुस्तकातला हा सगळ्यात मोलाचा क्षण. सिनेमात दृश्य कधी बदलायचं ते दिग्दर्शक ठरवतो, इथे ते मुलाच्या हातात असतं. भाची दुसऱ्या वाचनापासून पान धरून थांबायची, माझ्याकडे बघायची आणि मग उलटायची. दाताळं तिला आधीच दिसलेलं असायचं. पुढे काय होणार हे कोल्ह्याला माहीत नाही, रोझीला माहीत नाही, वाक्यालाही माहीत नाही. फक्त तिला माहीत आहे.

आणि इथेच माझी चूक होती. जिला अजून अक्षरं येत नाहीत, तिला या पुस्तकात वाचणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा जास्त कळतं. मी कोल्हा शब्दांत आणला आणि तिचं ते जास्तीचं कळणंच काढून घेतलं.

वाक्य कोरडं आहे ते मुद्दामच. रोझीचा चेहरा जसा पानोपानी तसाच राहतो, तसंच वाक्यही. त्याने जरासा जरी आवाज चढवला असता तरी विनोद गेला असता.

जाता जाता भाषेबद्दल एक. इंग्रजीत ठिकाण सांगणारा छोटा शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत नंतर. त्यामुळे मला वाटलं होतं की मराठीत ताल बिघडेल. पण आपल्याकडे ‘वरून’, ‘मधून’, ‘खालून’, ‘शेजारून’ आहेत, ‘ओलांडून’ आहे. प्रत्येक पान त्याच ‘ऊन’वर संपतं, आणि मुख्य क्रियापद शेवटच्या पानापर्यंत थांबू शकतं. मराठीत वाक्य पूर्ण होतं तेव्हाच कोंबडी घरी पोचते. काही न वाढवता वाचलं की हे आपोआप जमतं.

उलटंही होतं

आता तुम्ही म्हणाल, की मग चित्राने सगळं सांगावं आणि शब्दांनी गप्प बसावं. तसं नाही. मॉरिस सेंडाक यांचं १९६३ सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ घ्या. मॅक्स नावाचा मुलगा दंगा करतो, आई त्याला न जेवता झोपायला पाठवते आणि तो कल्पनेतल्या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो. या पुस्तकात आई एकाही चित्रात नाही. ती फक्त शब्दांत आहे. रोझीच्या पुस्तकातल्या कोल्ह्याच्या अगदी उलट. रागावलेल्या मुलाला आईचा आवाज ऐकू येतो, पण तिच्याकडे बघायचं नसतं. त्या न काढलेल्या चित्रात ते सगळं आहे.

आणि चित्रांचा आकार बघा. सुरुवातीला चित्र लहान आहे, भोवती पांढरी कोरी जागा. मॅक्सची कल्पना जशी वाढते तसं चित्र पानोपानी मोठं होतं, मग पूर्ण पान व्यापतं, मग समोरच्या पानावर सांडतं. प्राण्यांचा धिंगाणा सुरू होतो तेव्हा सलग तीन जोडपानं नुसती चित्रं, शब्दांना जागाच नाही. परतीच्या वाटेवर शब्द पुन्हा येतात. खोलीत जेवण वाट बघत असतं, आणि अगदी शेवटच्या पानावर चित्र नाही, फक्त शब्द आहेत. ते सांगतात की जेवण अजून गरम आहे. आता हे चित्रात कसं दाखवणार? वाफ काढता येईल, पण ‘अजून’ काढता येत नाही. वेळ गेला तरी आईची माया गेली नाही, हे त्या ‘अजून’मध्ये आहे. ते काम शब्दांचं, म्हणून तिथे चित्र बाजूला झालं.

तर वाटणी ठरते ती अशी. काळ, नावं, आवाज, ‘अजून’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ हे शब्द चटकन सांगतात. कोण कुठे उभं आहे, कोणाचं लक्ष कुठे आहे, कोण मनातलं लपवतंय हे चित्र चटकन सांगतं. आणि मजा येते ती दोघं वेगळं काही सांगतात तेव्हा.

माझ्या टेबलावर

हे समजूनही मी पुढे घोळ घातलाच. एका गोष्टीत मनू नावाचा मुलगा दिवे गेल्यावर आजीबरोबर अंगणात येतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात वाक्य असं होतं: ‘मनू म्हणाला, मला मुळीच भीती वाटत नाही, पण त्याने आजीचा पदर घट्ट धरला होता.’ आणि चित्रात काय? मनू, आजी, घट्ट धरलेला पदर. एकच गोष्ट दोनदा.

वाक्याचा दुसरा अर्धा भाग खोडला. आता शब्दांत मनूची फुशारकी आणि चित्रात मनूची मूठ. खोटं कुठे आहे ते मुलाने शोधायचं.

मग डमी केली. डमी म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. आठ ए-फोर कागद एकात एक ठेवून मधे दुमडले की ३२ पानं होतात, घडीवर दोन पिना मारायच्या. शेजारच्या तीन मुलांना ती वाचून दाखवली. त्या पानावर कोणीच हसलं नाही. ‘मनू शूर आहे’ म्हणाली. मला वाटलं, वाक्य खोडणंच चुकलं. ते परत घालणारही होते.

पण डमी हातात घेतली तेव्हा कळलं. मनू डाव्या पानावर होता, आजी उजव्या, आणि ती मूठ बरोबर मधल्या घडीत गेली होती. टेबलावर सपाट कागदावर ती मला रोज स्पष्ट दिसायची, पुस्तकात ती शिलाईने गिळली होती. दोघांनाही उजव्या पानावर घेतलं, डावं पान काळोखाला सोडलं. पुढच्या वाचनात एका मुलीने मुठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘खोटारडा!’ वाक्यात काहीही बदललं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक डमी तीनदा वाचते. एकदा शब्द झाकून, एकदा चित्रं झाकून, एकदा दोन्ही उघडी ठेवून. शब्द झाकल्यावर गोष्ट पूर्ण कळली तर शब्द जास्त झालेत. चित्रं झाकल्यावर पूर्ण कळली तर चित्रं नुसती सोबतीला आहेत. तिसऱ्या वाचनात असं काही कळायला हवं जे पहिल्या दोन्हींत नव्हतं. ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगते. प्राण्यांची नावं शिकवणाऱ्या पुस्तकात ‘गाय’ या शब्दाशेजारी गायच हवी, नाहीतर मूल गोंधळेल. पण गोष्ट सांगायची असेल तर लागू पडते.

घरच्या एखाद्या चित्रपुस्तकावर हे करून बघा आणि काय सापडलं ते कळवा. आणि वाचून दाखवताना चित्रात कोल्हा दिसला, तर तेवढं एक करा. गप्प बसा. मूल सांगेल.

भेटू पुढच्या भागात.