अर्जातील ती एक ओळ

अभियांत्रिकीचा पदवीधर पहिल्या नोकरीसाठी जातो, तेव्हा स्वतः उभारलेले एखादे यंत्र किंवा संगणकप्रणाली दाखवू शकतो. वाणिज्य वा कला शाखेच्या मुलाने काय दाखवावे? जळगाव-धुळ्याकडील बहुतेक अर्जांत या जागी ‘दोन महिने इंटर्नशिप केली, एन.एस.एस.मध्ये सहभाग’ एवढेच लिहिलेले असते. त्यावरून मालकाला काहीच कळत नाही. काम झालेले असते, परंतु त्याचा हिशेब मांडलेला नसतो.

समजा, जळगावच्या एका बी.कॉम. विद्यार्थिनीने करसल्लागाराकडे दोन महिने काम केले. तिच्याकडे पाइपच्या एका घाऊक व्यापाऱ्याची खरेदीवही सोपवण्यात आली. वहीतील प्रत्येक बिल जीएसटीच्या GSTR-2B या विवरणाशी ताडून पाहायचे, हे तिचे काम. पुरवठादारांनी आपापल्या विक्रीची जी माहिती भरलेली असते, तिच्यावरून हे विवरण दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होते. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट व्यापाऱ्याला त्याच्याच आधारे मिळते.

एका महिन्याच्या 186 नोंदींपैकी 171 जुळल्या. उरलेल्या 15 नोंदींतच तिचे खरे शिक्षण झाले. सहा ठिकाणी बिलक्रमांक वेगळ्या पद्धतीने टाइप झाला होता. पुरवठादाराकडे 0147, वहीत नुसते 147. दोन बिले वहीत दोनदा चढली होती. सात बिले विवरणात आलीच नव्हती. त्यांपैकी चार बिलांचे पुरवठादार तिमाही विवरण भरणारे निघाले. अशा व्यापाऱ्याने मधल्या महिन्याची बिले स्वतंत्रपणे चढवली नाहीत, तर ती तिमाही संपल्यावरच दिसतात. राहिलेल्या तीन बिलांचे पुरवठादार मात्र विवरण भरायलाच विसरले होते. त्या तिन्हींचे मूल्य 1,20,000 रुपये. 18 टक्क्यांनी 21,600 रुपयांची वजावट अडकलेली. तिने तिघांनाही फोन केले. पुढील महिन्यात दोन बिले दिसू लागली, एक तसेच राहिले.

आता अर्जातील ओळ अशी होते: ‘घाऊक व्यापाऱ्याच्या एका महिन्याच्या 186 खरेदी-नोंदी 2Bशी जुळवल्या; 15 तफावतींची कारणे शोधली; पाठपुराव्यानंतर तीन प्रलंबित बिलांपैकी दोन विवरणात आली.’ मुलाखतीत जाणता माणूस हमखास विचारतो, ‘तिसऱ्याचे काय झाले?’ ज्याने काम केले आहे, तो न अडखळता सांगतो की त्या बिलाची वजावट त्या महिन्यात घेतली नाही, ते पुढे ओढून ठेवले. ज्याने केवळ प्रमाणपत्र मिळवले आहे, तो इथेच गप्प होतो. एक पथ्य मात्र पाळावे. व्यापाऱ्याचे नाव, त्याची उलाढाल, पुरवठादारांची यादी यांपैकी काहीही अर्जात येऊ नये. दुसऱ्याची वही जो उघडी करतो, त्याच्या हाती कोणी आपली वही देणार नाही.

व्यापारी कुटुंबांतील मुलांची अडचण निराळी. सुट्टीत घरच्या पेढीवर बसलेला मुलगा ते लिहायला संकोचतो, किंवा वडिलांच्याच सहीचे ‘व्यवस्थापक’ म्हणून प्रमाणपत्र जोडतो. दुसरा प्रकार अधिक हानिकारक. आडनाव वाचताच समोरच्याला उलगडा होतो. ‘घरच्या दुकानात दोन दिवाळ्या उधारीची वसुली पाहिली’ असे सरळ लिहावे आणि नव्वद दिवसांवरची उधारी किती होती, किती वसूल झाली, हे सांगता यावे.

राष्ट्रीय सेवा योजनेचेही तसेच. दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर हे सर्वांनाच समान असते. शिबिरात किराण्याची उचल कोणाकडे होती, पावत्या कोणी लावल्या, शिल्लक रक्कम कोणी परत केली, हे वेगळे असते. हिशेब सांभाळणाऱ्याने तेवढेच लिहिले तरी पुरे.

कला शाखेला हे लागू नाही, असा समज आहे. धुळ्यात 1927 साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे; जुन्या कागदपत्रांचा तेथे मोठा संग्रह आहे. अशा संग्रहात इतिहासाच्या विद्यार्थ्याने पन्नास कागदांची सूची केली, म्हणजे मोडी वाचून दिनांक, गाव, विषय लिहिले आणि शंकास्थळे वेगळी नोंदवली, तर कार्यालयीन दप्तर सांभाळण्याच्या कामासाठी तो नमुना ठरतो. सूचीचे एक पान अर्जाला जोडावे, तेही शंकास्थळांसह. ‘वाचन संदिग्ध’ असा शेरा त्या पानावर एक-दोन ठिकाणी असलेला बरा. एकही नसेल, तर तपासणारा मूळ कागद मागवतो.